तीनपैकी एक ट्रान्सफॉर्मर गेला तर उरलेल्या दोघांवर थ्री फेज कसा चालवायचा: ओपन डेल्टाची पायरी-पायरीने माहिती

डिप्लोमा किंवा आयटीआय करून नुकतेच मेंटेनन्सला लागलेल्या मुलांसाठी हे लिहितोय. ओपन डेल्टा पुस्तकात अर्ध्या पानात संपतो आणि परीक्षेत "५७.७ टक्के" लिहिलं की मार्क मिळतात, पण खरोखर बँकेतला एक ट्रान्सफॉर्मर जळतो, प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे असतात आणि नवीन ट्रान्सफॉर्मर यायला आठवडे लागणार असतात, तेव्हा त्या ५७.७ चा अर्थ नीट माहीत नसेल तर उरलेले दोनही जातात. म्हणून एकच उदाहरण धरून सगळं सांगतो, आकडे तुमच्या नेमप्लेटप्रमाणे बदलून घ्या.

उदाहरण असं धरू: १०० केव्हीएचे तीन सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर, ११००० / ४१५ व्होल्ट, दोन्ही बाजूंना डेल्टा, म्हणजे बँक ३०० केव्हीएची. कारखान्याचा लोड १६० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.८, बहुतेक सगळ्या मोटारी. आर-वाय मधला, वाय-बी मधला आणि बी-आर मधला असे तीन, त्यातला बी-आर मधला गेला.

आधी जमवायच्या गोष्टी

- सिंगल लाईन डायग्राम आणि तिन्ही ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटचे फोटो
- मागच्या टेस्टिंगचं रजिस्टर (मेगरची जुनी रीडिंग त्यात असतात, ती फार कामाला येतात)
- शटडाऊनचं परमिट, आणि एचटीवर काम करायला परवाना असलेला माणूस
- मेगर, टाँग टेस्टर, मल्टीमीटर, फेज सीक्वेन्स मीटर
- डिस्चार्ज रॉड, एचटीचे हातमोजे, अर्थिंगच्या चेन
- फीडरनिहाय लोडची यादी, कोणती मोटार किती अँपिअर घेते ते लिहिलेली

ही यादी नसेल तर आजच करून ठेवा, कारण बँक बंद पडल्यावर ती करता येत नाही, मीटरवर तेव्हा शून्यच दिसणार.

१. आपली बँक ओपन डेल्टाला चालते का ते बघा

हे पहिलं, कारण आपल्याकडच्या बऱ्याच सबस्टेशनमध्ये उत्तर "नाही" असंच येतं. हल्ली बहुतेक ठिकाणी एकाच टाकीत थ्री फेज ट्रान्सफॉर्मर असतो, एचटीला डेल्टा आणि एलटीला स्टार, न्यूट्रल बाहेर काढलेला. त्यात एक फेजचं वाइंडिंग गेलं तर ओपन डेल्टा विसरा. एक तर एलटीला स्टार आहे, एक वाइंडिंग काढलं की एक फेजच गेला, उरलेल्या दोघांमधून तो परत मिळवता येत नाही. दुसरं म्हणजे आत तिन्ही लिंबचा कोअर एकच आहे, जळलेल्या वाइंडिंगचे टर्न आपसात शॉर्ट झालेले असतील तर तुम्ही बाहेरून त्याची वायर काढली तरी कोअरमधला फ्लक्स त्या शॉर्ट टर्नमधून करंट फिरवतच राहतो आणि टाकीत आग तशीच चालू राहते.

ओपन डेल्टा जमतो तो तीन वेगवेगळ्या टाक्यांतले सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर आणि दोन्ही बाजूंना डेल्टा असेल तर. जुन्या कारखान्यांत अशा बँका अजून सापडतात.

हे का जमतं ते एकदा मनात बसवून घ्या. डेल्टात तीन लाईन व्होल्टेजची बेरीज शून्य असते. आर-वाय चे ४१५ आणि वाय-बी चे ४१५, एकमेकांपासून १२० अंशांवर, हे दोन ट्रान्सफॉर्मरांनी दिले की बी आणि आर च्या मध्ये ४१५ आपोआप तयार होतात, तिथे ट्रान्सफॉर्मर असो वा नसो. म्हणून तिसरा काढल्यावरही मल्टीमीटर तिन्ही फेजमध्ये ४१५ दाखवतो आणि नवीन माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. व्होल्टेज ठीकच असतं, अडचण येते ती करंटची.

२. उरलेले दोन खरंच चांगले आहेत का

एक का गेला याचं कारण कळल्याशिवाय बाकीचे चार्ज करू नका. वीज पडून गेला असेल तर तोच सर्ज शेजारच्या दोघांनीही खाल्लाय. ओव्हरलोडने गेला असेल तर बाकीचेही त्याच ओव्हरलोडवर तितकेच दिवस चाललेत.

पुढच्या पायरीतला शटडाऊन, डिस्चार्ज आणि अर्थिंगचा क्रम आधी पूर्ण करा, मग तिघांचेही जंपर सुटे करून मेगर घ्या, एचटी ते बॉडी, एलटी ते बॉडी आणि एचटी ते एलटी. नुसता आकडा बघून समाधान मानू नका, रजिस्टरमधल्या जुन्या रीडिंगशी ताडून बघा, आणि दोघांची आपसातही तुलना करा. दोन सारखे जुने ट्रान्सफॉर्मर, एकाचं रीडिंग दुसऱ्याच्या चौथाईवर आलं असेल तर तेल तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मेगरला शॉर्ट टर्न दिसत नाहीत, त्यासाठी रेशो बघायचा. एचटीच्या दोन बुशिंगला २३० व्होल्ट सिंगल फेज द्या (छोटा एमसीबी मध्ये घालून), एलटीवर २३० ÷ २६.५ म्हणजे ८.७ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. चांगल्या ट्रान्सफॉर्मरला या टेस्टमध्ये करंट अगदी किरकोळ लागतो. टर्न शॉर्ट असले तर करंट वाढतो आणि रेशो हलतो.

इथला सापळा जीवघेणा आहे: चुकून २३० व्होल्ट एलटीला दिले तर एचटीच्या बुशिंगवर साधारण ६१०० व्होल्ट येतात. सप्लाय देण्याआधी कुठल्या बाजूला लावलाय ते दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, बोट लावून दाखवायला सांगा.

३. गेलेला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी सोडवा

शटडाऊन घ्या, एबी स्विच उघडा, डीओ फ्यूज खाली घ्या, एलटीचा मेन ब्रेकर रॅक आउट करा, डिस्चार्ज करा, अर्थिंग लावा, मग हात घाला. डीजी सेट असेल तर तो मागून येणार नाही याची खात्री करा. हा क्रम तुम्हाला माहीत असेलच, पण घाईत नेमकी अर्थिंगच राहते.

आता मुख्य मुद्दा. गेलेल्या ट्रान्सफॉर्मरचे एचटीचे दोन आणि एलटीचे दोन, असे चारही जंपर काढायचे. बरेच जण फक्त एचटीचे काढतात, म्हणतात "सप्लाय तर तोडला". पण एलटीचे तसेच ठेवले तर बी-आर मध्ये आपण आत्ताच बघितलेले ४१५ व्होल्ट त्या ट्रान्सफॉर्मरच्या एलटी वाइंडिंगला मिळतात, तो उलटा चालतो आणि त्याच्या सोडवलेल्या एचटी बुशिंगवर ११००० व्होल्ट उभे राहतात. बघणाऱ्याला वाटतं हा तर बंद आहे. उलट बाजूनेही तेच, फक्त एलटीचे काढले तर बिघडलेलं वाइंडिंग ११ केव्हीवर तसंच चार्ज राहतं. चारही काढून झाले की त्याच्या बुशिंग अर्थ करून ठेवा आणि टाकीवर बोर्ड लावा.

दुसरी गल्लत: बी-आर चा ट्रान्सफॉर्मर गेला म्हणून बी चा किंवा आर चा डीओ उघडाच ठेवतात. ओपन डेल्टाला एचटीच्या तिन्ही लाईन लागतात. आर-वाय ला आर आणि वाय, वाय-बी ला वाय आणि बी. मधला सामाईक वाय गेला तर सगळ्यात वाईट, दोन्ही ट्रान्सफॉर्मर आर-बी वर सिरीजमध्ये येतात आणि खाली नुसता सिंगल फेज उरतो, मोटारी घूं करून तापतात.

मेगरसाठी सोडलेले चांगल्या दोघांचे जंपर होते त्याच जागी परत लागले असतील तर पोलॅरिटीचा प्रश्न येत नाही. पण परत लावताना एलटीची टोकं उलटसुलट होऊ शकतात, म्हणून पुढची पायरी अजिबात चुकवू नका.

४. लोड न देता चार्ज करा आणि तीन व्होल्टेज मोजा

एलटीचा मेन ब्रेकर उघडाच ठेवून एचटी चार्ज करा. ब्रेकरच्या वरच्या बाजूला आर-वाय, वाय-बी, बी-आर मोजा. तिन्ही ४१५ च्या जवळ आले तर ठीक. दोन ४१५ आणि तिसरं ७१९ च्या आसपास आलं तर एका ट्रान्सफॉर्मरची एलटीची टोकं उलटी लागलीयेत, लगेच बंद करा. हे ७१९ म्हणजे ४१५ गुणिले १.७३२. यात फसायला होतं ते असं की घाईत माणूस दोनच ठिकाणी मोजतो, दोन्हीकडे ४१५ दिसतात आणि तिसरं न बघता ब्रेकर मारतो.

मग फेज सीक्वेन्स मीटर लावून आधीचीच दिशा आहे ना बघा, नाहीतर पंप आणि कॉम्प्रेसर उलटे फिरतील.

५. किती लोड देता येईल: इथेच सगळे चुकतात

तीनातला एक गेला, उरले दोन, म्हणजे दोन तृतीयांश, ३०० चे २०० केव्हीए मिळतील, असं पहिल्यांदा प्रत्येकाला वाटतं. मिळतात १७३.

कारण असं आहे. प्रत्येक वाइंडिंग १०० केव्हीएचं, ४१५ व्होल्टला, म्हणजे त्याची ताकद २४१ अँपिअर. बंद डेल्टात प्रत्येक लाईनला दोन वाइंडिंग येऊन मिळतात, म्हणून लाईनमध्ये २४१ च्या १.७३२ पट म्हणजे ४१७ अँपिअर काढता येतात. ओपन डेल्टात आर लाईनला एकच वाइंडिंग उरलं आणि बी लाईनलाही एकच. लाईनचा जो करंट तोच वाइंडिंगचा करंट, मध्ये वाटणी करायला कुणी नाही. त्यामुळे लाईनमध्ये २४१ च्या वर जायचंच नाही.

१.७३२ × ४१५ × २४१ = १७३ केव्हीए. पूर्ण बँकेच्या ५७.७ टक्के.

पुस्तकात अजून एक आकडा येतो, ८६.६ टक्के, आणि त्याने गोंधळ होतो. तो उरलेल्या दोघांच्या बेरजेशी आहे: दोघांचे मिळून २०० केव्हीए, त्यातले १७३ वापरता येतात. बाकीचे २७ कुठे गेले? कुठेच नाही, वाइंडिंगमधला करंट आणि त्याच्या टोकांवरचं व्होल्टेज एका फेजमध्ये राहत नाहीत, म्हणून वाइंडिंग भरलेलं असूनही पूर्ण काम देत नाही.

दोघांवरचे किलोवॅटही सारखे नसतात. पॉवर फॅक्टर ०.८ आणि लोड पूर्ण १७३ केव्हीए असेल तर एक साधारण ९९ किलोवॅट देतो आणि दुसरा फक्त ३९. ज्यांनी दोन वॅटमीटरचा प्रयोग केलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल, गणित तेच आहे. पण ३९ वाला मोकळा आहे असं समजून त्याच्यावर सिंगल फेज लोड टाकू नका. करंट दोघांतही २४१ च आहे, दोघं सारखेच तापतायत. ट्रान्सफॉर्मर तापतो तो करंटने, म्हणून टाँग टेस्टर बघा, किलोवॅटचा मीटर नको.

६. लोड बसवा, आणि कपॅसिटर विसरू नका

आपला लोड १६० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.८, म्हणजे २०० केव्हीए, लाईनला २७८ अँपिअर. बंद डेल्टात हे आरामात चालत होतं. ओपन डेल्टात वाइंडिंगवर हा साडेपंधरा टक्के ओव्हरलोड झाला. असंच चालवलं तर लगेच काही होणार नाही, आणि हीच त्यातली वाईट गोष्ट आहे, कारण कागदाचं इन्सुलेशन हळूहळू जातं. साध्या कागदाच्या वाइंडिंगला ठरलेल्या तापमानाच्या वर दर ६ अंशांना म्हातारपण दुप्पट वेगाने येतं असं धरतात.

इथे लोक थेट मशीन बंद करायला धावतात. त्याआधी पॉवर फॅक्टर बघा. तेच १६० किलोवॅट ०.९५ पॉवर फॅक्टरला आणले तर १६८ केव्हीए होतात आणि लाईनचा करंट २३४ अँपिअरवर येतो. २४१ च्या आत! त्यासाठी साधारण ६७ केव्हीएआर कपॅसिटर लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी पॅनलमध्ये ते असतात पण अर्धे बंद पडलेले असतात, फ्यूज उडालेला किंवा काँटॅक्टर चिकटलेला. ते नीट करणं एका दिवसाचं काम आहे.

तरी २३४ म्हणजे काठावर. मी अशा वेळी अजून १५-२० किलोवॅट कमी करायला सांगेन, एखादा कॉम्प्रेसर किंवा रात्रपाळीला हलवता येणारी मशीन. १४० किलोवॅटला, कपॅसिटरने ०.९५ टिकवून ठेवलं तर करंट २०५ वर येतो, मग मोटार स्टार्ट होतानाचा झटकाही सोसता येतो. रात्री लोड अगदी कमी झाला की कपॅसिटर काढा, नाहीतर पॉवर फॅक्टर लीडिंग होऊन व्होल्टेज चढतं.

मोठ्या मोटारी एकामागून एक सुरू करा, दोन एकदम नाही.

७. प्रोटेक्शनची सेटिंग खाली आणा

हे कुणी सांगत नाही म्हणून वेगळं लिहितोय. एलटीचा मेन ब्रेकर ४१७ अँपिअरच्या हिशोबाने सेट आहे. आता वाइंडिंगला २४१ च्या वर जायचं नाही, पण ब्रेकर ४०० पर्यंत गप्प बसणार. म्हणजे ओव्हरलोडपासून संरक्षण नाहीच. एचटीलाही तसंच, आधी लाईनचा फुल लोड करंट १५.७ अँपिअर होता, आता ९.१.

ब्रेकरचं ओव्हरलोड सेटिंग २४० वर आणा. काही एमसीसीबीचं सेटिंग इतकं खाली येतच नाही, मग मेनवर सीटी लावून वेगळा ओव्हरलोड रिले किंवा निदान अलार्म बसवा. एचटीच्या रिलेचं सेटिंग आणि फ्यूजचा साइज ९.१ च्या हिशोबाने परत काढा. आणि जुनी सेटिंग कागदावर लिहून पॅनलच्या दारात आतून चिकटवा, नंतर लागणार आहेत.

८. चालू झाल्यावर काय बघत राहायचं

पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी, मग तासाला एकदा: तिन्ही लाईनचा करंट, तिन्ही व्होल्टेज, दोन्ही टाक्यांचं तेलाचं तापमान. तापमान चढून एका जागी थांबायला काही तास लागतात, म्हणून पहिल्या तासाचं रीडिंग बघून घरी जाऊ नका.

लोड आल्यावर व्होल्टेज थोडी असमान होतात, हे अटळ आहे. जिथे ट्रान्सफॉर्मर नाही त्या बी-आर मध्ये दोघांचा ड्रॉप येतो. समजा ४१२, ४०८ आणि ३९८ मिळाले. सरासरी ४०६, सगळ्यात जास्त फरक ८ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ २ टक्के असमतोल. ऐकायला कमी वाटतं, पण मोटारीच्या करंटमधला असमतोल याच्या कित्येक पट असतो. १ टक्क्यापर्यंत मोटारींना फारशी अडचण नसते, त्यापुढे त्यांचाही लोड थोडा कमी ठेवावा, आणि ५ टक्क्यांच्या वर मोटार चालवूच नये. असमतोल वाढत चालला तर आधी लोड कमी करा, मग सिंगल फेज लोड एकाच फेजवर जमा झालेत का ते शोधा. वेल्डिंग मशीन हे नेहमीचं कारण असतं.

९. कधी वापरायचं आणि कधी नाही

गेलेला ट्रान्सफॉर्मर दुरुस्त होऊन किंवा नवीन येईपर्यंत, लोड ५७.७ टक्क्यांच्या आत आणता येत असेल, आणि उरलेले दोन टेस्टमध्ये चांगले निघाले असतील, तर हे खुशाल वापरा. यासाठीच ते आहे.

लोड कमी करायला मॅनेजमेंट तयार नसेल तर वापरू नका. तेव्हा "चालतंय ना" म्हणून महिनोन् महिने ओव्हरलोडवर चालवलं जातं आणि एकाच्या जागी तीन ट्रान्सफॉर्मर घ्यायची वेळ येते. मॅनेजरसाहेबांना हे लेखी द्या, किती अँपिअरच्या वर जाणार नाही तो आकडा टाकून, आणि त्यावर त्यांची सही घ्या.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे हे मुद्दाम करतात: आज लोड कमी, पुढे वाढणार. आधी दोनच बसवायचे, १७३ केव्हीए मिळतात, लोड वाढला की तिसरा बसवून ३०० करायचे. तिसऱ्या एकट्याने १२७ केव्हीएची भर पडते.

१०. तिसरा परत बसवताना

नवीन ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज रेशो, टॅप आणि इम्पीडन्स टक्के जुन्या दोघांशी जुळलं पाहिजे. रेशो वेगळा असेल तर बंद डेल्टात लोड नसतानाही करंट फिरत राहतो. इम्पीडन्स कमी असलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या वाट्यापेक्षा जास्त लोड ओढतो.

एचटी जोडा, एलटीचं एक टोक जोडा, दुसरं सुटं ठेवा. परमिट घेऊन, लोड न देता चार्ज करा आणि त्या उरलेल्या फटीत व्होल्टेज मोजा, १००० व्होल्टचा मीटर आणि हातमोजे घालून. शून्याच्या जवळ, फार तर काही व्होल्ट आले तर पोलॅरिटी बरोबर. ८३० च्या आसपास आले तर एलटीची टोकं उलटी आहेत, तशीच जोडली तर तो सरळ शॉर्ट सर्किट आहे. बंद करून, डिस्चार्ज करून टोकं बदला आणि परत मोजा. शून्य दिसलं की पुन्हा शटडाऊन घेऊन शेवटचा जंपर घट्ट करा, दारातला कागद काढून ब्रेकर, रिले आणि फ्यूज जुन्या आकड्यांवर आणा, आणि फुल लोडवर तिन्ही टाक्यांच्या वाइंडिंगचा करंट वेगवेगळा मोजून रजिस्टरमध्ये लिहा. तिघांचे आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत.